साड्या क्रोममध्येच का फिक्या पडल्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «साहेब, तुमचं वाचून मॉनिटर एसआरजीबी मोडवर टाकला. आमच्या शहापूरच्या दुकानातल्या साड्यांचे फोटो क्रोममध्ये मेल्यासारखे दिसायला लागले, वर ब्राइटनेसही हलेना. ९५ टक्के पी-३ म्हणून जादा पैसे मोजले ते काय कपाटात ठेवायला? ऐकीव सल्ले देत जाऊ नका.»

राग समजला, पण जास्त भडक रंग दाखवणारा पी-३ मॉनिटरही रोजच्या कामाला एसआरजीबी या नेहमीच्या रंगमापाच्या मोडवर ठेवा, हा सल्ला मागे घेत नाही. तुम्ही «क्रोममध्ये» असं लिहिलंत ते बरं झालं, कारण दुखणं तिथंच आहे. मोडचा दोष असता तर पेंट, एक्सेल, डेस्कटॉपचं चित्र, सगळंच सारख्या प्रमाणात उतरलं असतं. एकटा ब्राउझर फिका पडतो तेव्हा मॉनिटर एक बोलतो आणि विंडोज दुसरंच समजतं, असा प्रकार असतो.

कॉम्प्युटर मॉनिटरला रंग पाठवत नाही, नुसते आकडे पाठवतो. शुद्ध लाल म्हणजे 255, 0, 0. हा लाल नेमका किती लाल, हे आकड्यात कुठंच नसतं. तुम्ही कापडातले, तुम्हाला लगेच कळेल: गिऱ्हाईक «पाच» म्हणालं ते वारात आणि नोकरानं कापलं मीटरमध्ये, तर आकडा बरोबर असूनही कापड जास्त जातं. वेबपानं, ऑफिसच्या फायली, बहुतेक फोटो हे सगळं एसआरजीबीच्या मापात लिहिलेलं असतं. हे माप १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं मांडलं आणि १९९९ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. पी-३ हे त्याहून मोठं माप. तुमचा मॉनिटर मूळ मोडमध्ये, म्हणजे आपल्या पूर्ण पी-३ च्या आवाक्यात असला की तोच 255 आपल्या जास्तीत जास्त लालला नेऊन बसवतो. मग काठाचा लाल भडक दिसतो आणि माणूस खूश होतो.

विंडोजला मॉनिटरचा रंगांचा आवाका आयसीसी प्रोफाइल नावाच्या छोट्या फाइलवरून कळतो. ती वाचून रंग बदलून देणारे प्रोग्रॅम थोडे. क्रोम वाचतो. पेंट वाचत नाही, तो आकडे आहेत तसे पुढं ढकलतो. समजा प्रोफाइल सांगतंय की मॉनिटर पी-३ चा आहे. मग एसआरजीबीतला लाल दाखवायला क्रोम 255, 0, 0 ऐवजी साधारण 234, 51, 35 पाठवतो. मॉनिटर खरंच पी-३ मध्ये असेल तर हे अगदी बरोबर, डोळ्याला मूळचाच लाल दिसतो. पण तुम्ही मॉनिटर एसआरजीबी मोडवर टाकलात आणि ते प्रोफाइल तसंच राहिलं. आता क्रोम 234, 51, 35 पाठवतोय आणि मॉनिटर ते आकडे एसआरजीबीत वाचतोय. लाल मळका आणि जरा नारिंगीकडं झुकलेला दिसणारच. एकदा क्रोमनं आवळलं, एकदा मॉनिटरनं. हे प्रोफाइल बहुधा मॉनिटर कंपनीचा ड्रायव्हर टाकताना गुपचूप आलेलं असतं.

खात्री करून घ्या. पेंटमध्ये 255, 0, 0 चा चौकोन काढा, पीएनजी म्हणून सेव्ह करा, तीच फाइल क्रोममध्ये ओढा आणि दोन्ही खिडक्या शेजारी ठेवा. मॉनिटर एसआरजीबी मोडवर असताना दोन्ही लाल सारखेच दिसायला हवेत. क्रोममधला विटका दिसला तर प्रोफाइल चुकीचं आहे.

दुरुस्ती अशी. विंडोजचं बटण आणि R एकदम दाबा आणि हे टाइप करा:

```
colorcpl
```

`Devices` मध्ये आपला मॉनिटर निवडा, `Use my settings for this device` वर खूण करा. खालच्या यादीत मॉनिटरच्या मॉडेलचं नाव असलेलं प्रोफाइल दिसेल. `Add` करून `sRGB IEC61966-2.1` घ्या आणि `Set as Default Profile` दाबा. जुनं काढून टाकलंत तरी चालेल, पण मूळ मोडवर परत जायचं झालं तर तेच लागेल, म्हणून मी ठेवतो. क्रोम पूर्ण बंद करून उघडा आणि चौकोन पुन्हा बघा.

एवढं करूनही पहिले काही दिवस सगळं मवाळ वाटेल. तो डोळ्यांच्या सवयीचा भाग आहे, त्याला सेटिंग नाही.

तुमच्या धंद्यात भडक पडद्याचा तोटा मात्र खरा आहे. मूळ मोडमध्ये, विशेषतः रंग न सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, काठाचा लाल अंगावर येतो. मग तुम्ही फोटोत सॅच्युरेशन कमी करता, आपल्या पडद्यावर साडी हातातल्यासारखी दिसेपर्यंत. तोच फोटो चिकोडीच्या गिऱ्हाइकाच्या साध्या मोबाइलवर गेला की उतरलेला दिसतो, आणि पार्सल उघडल्यावर «फोटोत वेगळी होती» म्हणून फोन येतो. गिऱ्हाइकाचा मोबाइलच व्हिव्हिड मोडवर असेल तर त्याला तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही. निदान आपल्याकडून निघताना तरी माप बरोबर असावं.

हिशेबाच्या कामाला यातलं फारसं काही आडवं येत नाही. पांढऱ्यावर काळं, राखाडी रेघा, पहाणीची पीडीएफ, जीएसटीचा तक्ता हे दोन्ही मोडमध्ये जवळपास सारखंच, कारण फरक पडतो तो भडक रंगांत. एक्सेलमधला फिका गुलाबी रकाना जेमतेम हलतो, निव्वळ लाल भरलेला रकाना मात्र मूळ मोडमध्ये दिवसभर डोळ्यात खुपतो.

ब्राइटनेसची तक्रार रास्त आहे. बऱ्याच कंपन्या एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेस कुलूपबंद करतात, आणि हा मला शुद्ध आडमुठेपणा वाटतो. आधी मॉनिटरच्या मेनूत `User` किंवा `Custom` मोडखाली `Gamut` किंवा `Color Space` असं वेगळं काही आहे का बघा. तिथं sRGB निवडता आलं तर प्रश्न मिटला, ब्राइटनेस मोकळा राहतो. नसेल आणि ग्राफिक कार्ड एएमडीचं असेल, तर मॉनिटर मूळ मोडवरच ठेवा आणि एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये `Display` खाली `Custom Color` चालू करून `Color Temperature Control` बंद करा. मग मॉनिटरनं स्वतः कळवलेल्या माहितीवरून कार्डच रंग आवळतं, पेंट-एक्सेलसकट सगळ्यांचे. एनव्हिडियावर हेच काम `novideo_srgb` हा छोटा फुकट प्रोग्रॅम करतो. दोन्ही बाबतीत विंडोजमधलं प्रोफाइल एसआरजीबीच ठेवायचं, नाहीतर क्रोम पुन्हा दुसऱ्यांदा आवळेल.

राहिले जादा पैसे. ते वाया गेलेले नाहीत, पण रोजच्या ब्राउझिंगला आणि टॅलीला त्यांचा उपयोग नाही. आयफोन ७ पासूनचे आयफोन पी-३ मध्ये फोटो काढतात. ते बघायचे तर मॉनिटर मूळ मोडवर न्या, कंपनीचं प्रोफाइल पुन्हा डीफॉल्ट करा, आणि फोटो क्रोममध्येच उघडा. फायरफॉक्समध्ये मूळ मोड वापरणार असाल तर `about:config` मध्ये `gfx.color_management.mode` हे 1 करा. मुळात ते 2 असतं, म्हणजे प्रोफाइल चिकटवलेल्या चित्रांचेच रंग तो सांभाळतो आणि बाकीचं पान भडकच राहतं.

विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत, ठरावीक ग्राफिक कार्डांवर, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये `Automatically manage color for apps` हा पर्याय मिळतो. तो चालू केला की रंग जुळवायचं काम विंडोज स्वतःकडं घेतं, सगळ्या प्रोग्रॅमसाठी. तो तुमच्याकडं असेल तर मूळ मोडवर राहायला माझी हरकत नाही. मॅकवाल्यांना तर ही कटकट मुळातच नाही. पण तो पर्याय चालू आणि मॉनिटर एसआरजीबी मोडवर, असं दोन्ही एकदम करू नका, कारण तो मॉनिटरनं कळवलेला मोठा आवाका धरून चालतो.

तुमचं ग्राफिक कार्ड कोणतं आणि मॉनिटरच्या मेनूत `Gamut` आहे की नाही, एवढं खाली लिहा. चौकोनाची परीक्षा आधी करा, मगच लिहा.