तार सुटलेला भात

बायकोची सकाळची शिफ्ट सुरू झाली आणि आमच्या घरातलं डबाखातं निवडणूक न होताच माझ्याकडे आलं. लेक तिसरीत. रिक्षा सात वाजून दहा मिनिटांनी, डब्याची सुट्टी साडेदहाला. म्हणजे माझा पदार्थ आणि तिचं तोंड यांच्यात साडेतीन तास. एवढ्या वेळात भात माझ्याविरुद्ध काय काय करू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी फोडणीचा भात केला. कच्चा माल तयार होता. रात्रीचा भात कुकरमध्येच ओट्यावर झाकून ठेवलेला, वर जूनचा उकाडा. सकाळी चरचरीत फोडणी दिली, वाफाळता भात डब्यात चेपला आणि झाकण घट्ट लावलं. दुपारी डबा जसाच्या तसा परत.

"बाबा, भाताला तार येतेय. चीजसारखी. सगळ्यांनी ओढून बघितली."

"खाल्लास का?"

"नाही. फक्त ओढली."

वरच्या मजल्यावरच्या काकू पूर्वी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. त्यांना मी मोठ्या आत्मविश्वासाने विचारलं, "पण फोडणीत सगळे जंतू मरतात ना?" त्यांनी मला नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो म्हणे. त्याचे बीजाणू कुकरच्या शिट्ट्यांनाही पुरून उरतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. ओकाऱ्या करवणारं ते विष फोडणीने, मायक्रोवेव्हने, कशानेच जात नाही. "आणि तार सुटली हे तुझं नशीब," काकू म्हणाल्या. "पुष्कळदा वासही येत नाही, तारही सुटत नाही."

तेव्हापासून रात्री जेवणं झाली की मी उरलेला भात परातीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवतो. अर्ध्या तासात तो निवतो, मग झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये. शिजल्यापासून तासाभरात तो आत गेला पाहिजे, ही काकूंची अट. कुकरमध्ये ढीग तसाच ठेवला तर मधला भात मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतो, आणि जंतूंना तेच हवं असतं. सकाळी गार भात हाताने मोकळा करायचा. तेलात मोहरी, शेंगदाणे, कढीपत्ता, हिंग, हळद. मग भात, मीठ, साखरेची चिमूट, पाण्याचा हबका आणि झाकण. चार-पाच मिनिटांत खालपासून वरपर्यंत वाफा आल्या पाहिजेत. नुसता कडेने गरम झालेला भात चालत नाही. तो एकदाच गरम करायचा, आणि डब्यापुरताच.

राहिली वाफ. गरम भात साध्या स्टीलच्या डब्यात भरला की वाफ झाकणाला लागते, थेंब होतात आणि परत भातावर ठिबकतात. वर डबा तासन् तास कोमट, म्हणजे रात्रीचा कुकरच दप्तरात. म्हणून आता भात ताटात पसरून पूर्ण निवेपर्यंत मी वेणी घालतो. (वेणीबद्दल वेगळं लिहीन. तिला तार सुटत नाही, पण बाकी सगळं सुटतं.) गरमच द्यायचं असेल तर आत काचेचं किंवा स्टीलचं दुहेरी भांडं असलेला गरम राहणारा डबा लागतो. त्यात आधी पाच-सात मिनिटं उकळतं पाणी ठेवायचं, ते ओतून टाकायचं आणि कढत भात काठोकाठ भरायचा. एकतर नीट गरम नाहीतर नीट गार. मधलं कोमट राजकारण इथे चालत नाही.

भाताच्या धास्तीने मधे काही दिवस मी दशम्यांकडे वळलो. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, त्यात थोडं तूप आणि मीठ. त्या निवल्या तरी मऊ राहतात, आणि सोबत सुकी लसणाची चटणी दिली की काम झालं. इडलीसोबत ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र एकदाच दिली. साडेदहापर्यंत ती आंबली होती.

एवढं सगळं सांभाळलं आणि एका शुक्रवारी डबा दप्तरातच राहिला. सोमवारी पहाटे तो मी गॅलरीत, श्वास रोखून उघडला. आत जे होतं त्याला लव आली होती. डबा घासला, कढत पाण्यात घातला, खायच्या सोड्यात बुडवला. वास जाईना. अखेर झाकणातली रबराची रिंग सुरीच्या टोकाने उचकटली, तर तिच्याखाली जूनपासूनचा सगळा मेनू काळ्या पट्टीच्या रूपात हजर होता. पाच महिने मी डबा धूत होतो, रिंग कधीच काढली नव्हती.

संध्याकाळी भांड्याच्या दुकानात गेलो. "एवढी रिंग द्या."

दुकानदाराने रिंग लांबूनच बघितली. "रिंग सुटी येत नाही साहेब. डब्याबरोबर येते."