खुलासा : पांढऱ्या डागावर टूथपेस्ट

“डायनिंग टेबलावरच्या पांढऱ्या डागावर टूथपेस्ट घासा, डाग लगेच जातो.”

तो डाग पॉलिशमध्ये अडकलेल्या दमटपणाचा असतो. पेस्ट वरची चकाकी खरवडते. गरम पातेल्याखाली वाफ कोंडली की असंच पांढरं वर्तुळ उठतं. आधी एक-दोन दिवस टेबल उघडं सुकू द्या. ताजा डाग बरेचदा तेवढ्यानेच विरतो. उरलाच तर कोरडं सुती कापड पसरून, वाफ बंद ठेवून, सर्वांत कमी तापलेली इस्त्री काही सेकंदच फिरवा आणि प्रत्येक वेळी कापड उचलून पाहा. लाखेचं पॉलिश उष्णतेने मऊ पडतं, म्हणून इस्त्री एका जागी थांबवू नका. डाग काळा असेल तर पाणी लाकडात मुरलंय. तिथे पॉलिश उतरवावंच लागतं.