शक्यतो

माझ्या परिपत्रकावर लाल पेनाने खाडाखोड करणारा माणूस आमच्या हॉस्पिटलचा मालक नव्हता, मेट्रन नव्हता, आणि कर्मचारी तर नव्हताच. तो खोली नंबर २०४ मधल्या पेशंटचा नवरा होता. बायकोच्या पित्ताशयातले खडे काढायला आला होता. तिचे खडे एका दिवसात निघाले, माझे मात्र चार दिवस काढत बसला.

आमचं हॉस्पिटल ठाण्यातलं, चाळीस खाटांचं. दरवर्षी श्रावण लागला की डॉक्टरसाहेब मला केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, "सणांच्या रजेचं एक पत्रक काढा. जरा गोड भाषेत, पण टाइट." गोड आणि टाइट एकाच वेळी फक्त चिक्की असते. तरी मी लिहिलं. यंदा त्यात पाळ्यांच्या नव्या वेळाही घालायच्या होत्या. पूर्वी आठ, चार आणि बारा अशा पाळ्या बदलायच्या. रात्री बाराला सुटणाऱ्या सिस्टरला लोकल धरताना धाप लागायची, म्हणून आता सात, तीन आणि अकरा. दोन रात्री जागून मी एक पानभर मजकूर तयार केला आणि ४ ऑगस्ट २०२५ला पंचिंग मशीनशेजारच्या बोर्डावर चार टाचण्यांनी लावला. तिथंच पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आहे. चूक ती झाली. फिल्टरपाशी पेशंटचे नातेवाईक येतात.

दुपारी खाली आलो तर एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, हातात तांब्या आणि डोळ्यांवर वाचायचा चष्मा, असे बोर्डासमोर उभे. मला वाटलं, जेनेरिक औषधांची जाहिरात वाचताहेत.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी मागे न बघताच विचारलं.

"मी."

"रविवारी रात्री अकराला जी सिस्टर चढते, ती सोमवारी सकाळी सातला उतरते. बरोबर?"

"बरोबर."

"आणि सोमवारी सकाळी सातला चढते तीही तीच. मग ती उतरते कधी?"

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. आठवड्याच्या सांध्यावर मी एकाच सिस्टरला सलग सोळा तास उभं केलं होतं. सिस्टरनी ते पाहून माझ्याकडे तक्रारही केली नव्हती. त्यांना वाटलं होतं, नवं धोरण असेल. आमच्याविषयी त्यांचं एकूण मत काय आहे, ते मला तिथं कळलं.

"सकाळवरून दुपार, दुपारवरून रात्र, असा माणूस पुढे पुढे सरकवायचा," काका म्हणाले. "आणि रात्र संपली की आधी एक सुट्टी, मग सकाळ. उलटा फिरवलात की असा सांधा उघडा पडतो. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. तीस वर्षं ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युट्या लावल्यात."

आता एसटीच्या कंट्रोलरविषयी थोडं सांगायला हवं. लहानपणी मी या जमातीला फार घाबरत असे. स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीमागून एक आवाज यायचा आणि त्या आवाजाने सांगितलं की गाडी लागायची, नाही सांगितलं की नाही. आमच्या मामाचं लग्न त्या आवाजामुळे पाऊण तास लांबलं होतं. तोच आवाज आता माझ्या परिपत्रकावर आला होता आणि मी पुन्हा हाफ पँटमध्ये उभा असल्यासारखा उभा होतो.

काकांनी खिशातून लाल पेन काढलं. रिटायर झालेला माणूस लाल पेन जवळ का बाळगतो, हे मला अजून समजलेलं नाही.

"'सणासुदीच्या काळात कर्मचाऱ्यांनी शक्यतो रजा घेऊ नये,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. फिल्टरपाशी आता पाच-सहा माणसं जमली होती. "शक्यतो म्हणजे?"

"म्हणजे... अगदी अडचण असेल तर."

"कुणाला अडचण? तिला की तुम्हाला? घरी गणपती आहे, ही अडचण आहे की नाही? साहेब, एसटीच्या बोर्डावर 'कोल्हापूर गाडी शक्यतो सहाला सुटेल' असं लिहिलं असतं ना, तर लोकांनी जाळी तोडून मला बाहेर काढलं असतं."

लोक हसले. आमची वॉर्डमावशी सगळ्यात मोठ्याने हसली. त्या पत्रकात 'शक्यतो' चार वेळा होतं. काकांनी चारही वेळा लाल गोल केला आणि समासात १, २, ३, ४ असे आकडे घातले. मी ते शब्द लोकांना वाईट वाटू नये म्हणून पेरले होते, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "वाईट वाटायचं ते वाटतंच. वर आणखी कळतही नाही."

मग हिशेब झाला. हिशेब फिल्टरवरच्या 'पाणी जपून वापरा' या कागदाच्या मागच्या बाजूला झाला, कारण काकांना कोरा कागद लागत होता आणि माझं ऐकायला ते थांबले नाहीत. दुसऱ्या मजल्यावर प्रत्येक पाळीला दोन सिस्टर, दिवसाला तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला ४२ ड्युट्या. सिस्टर आठ. प्रत्येकीची साप्ताहिक सुट्टी सोडून सहा ड्युट्या, म्हणजे ४८. शिल्लक सहा.

"म्हणजे एका वेळी एकच बाई रजेवर जाऊ शकते," काका म्हणाले. "आणि गणपतीच्या आठवड्याला मागितली किती जणींनी?"

चौघींनी. देवगड, कणकवली, राजापूर आणि गुहागर. हिशेबात १८ ड्युट्यांचं भोक होतं, आणि ते भोक मी 'सर्वांनी सहकार्य करावे' या वाक्याने बुजवलं होतं.

एवढ्यात देवगडच्या सिस्टरने मोबाइल पुढे केला. २५ ऑगस्टचं कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे हे तिकीट तिने २६ जूनला सकाळी आठ वाजता, काही मिनिटांच्या झुंबडीत काढलेलं. आणि माझं पत्रक म्हणत होतं, रजेचे अर्ज १० ऑगस्टपर्यंत द्यावेत.

काकांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं. "हे पत्रक जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायला हवं होतं," ते हळू म्हणाले. जाळीच्या खिडकीतला आवाज हळू झाला की तो जास्त लागतो.

मला राग आला. अजूनही येतो. मला जूनमध्ये हे सुचलं नव्हतं असं नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "अहो, अजून पाऊस सुरू नाही झाला, तुम्हाला गणपती कसले दिसताहेत?" पण हे बोर्डासमोर सांगता येत नाही. पत्रकाखाली सही माझी असते.

मी जमेल तसं सावरायला गेलो आणि मोठ्या उत्साहात म्हणालो, "आमच्या केरळच्या सिस्टर आहेत ना, त्यांना गणपतीचा प्रश्न नाही." केरळच्या सिस्टर मागेच उभ्या होत्या. अठरा वर्षं ठाण्यात असल्यामुळे माझ्यापेक्षा शुद्ध मराठीत म्हणाल्या, "सर, पाच सप्टेंबरला ओणम आहे. आणि दरवर्षी गणपती मीच सांभाळते. मला कुणी कधी विचारलं नाही." गर्दीतून 'च्च' असा आवाज आला. तो माझ्यासाठी होता.

काका एव्हाना रंगात आले होते. त्यांनी थेट डॉक्टरांनाच गाठलं. ते बिचारे राउंडवरून उतरत होते. "गणपतीच्या आठवड्यात ठरवून करायची ऑपरेशनं असतात का हो?" नसतात, लोकच पुढे ढकलतात. "मग वॉर्ड अर्धा रिकामा. दुपारच्या पाळीला एक सिस्टर पुरेल. रात्री मात्र दोनच ठेवा, एकटीवर रात्र सोडायची नाही." म्हणजे आठवड्याला ३५ ड्युट्या आणि शिल्लक तेरा. ओपीडी अर्धी बंद, तिथली एक सिस्टर आठवडाभर वर आणली की आणखी सहा. एकूण एकोणीस. तिघींच्या रजेला लागतात अठरा.

"एक ड्युटी उरते," डॉक्टर म्हणाले, वाचवल्यासारखे.

"ती राहू द्या. कुणाला तरी ताप येतोच."

राहिली चौथी. काका म्हणाले, गेल्या गणपतीला कोण गेलं होतं ते बघा. माझ्याकडे नोंद नव्हती. मावशीकडे होती, तोंडपाठ, तीन वर्षांची. गुहागरच्या सिस्टर तिन्ही वर्षं गेल्या होत्या. त्यांचं नाव खोडलं गेलं, आणि त्यापुढे काकांनी लिहिलं, 'दिवाळीला पहिली निवड यांची.' त्या सिस्टर माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. काकांना मात्र जाताना नमस्कार करून गेल्या.

शेवटची ओळ होती, 'सणाच्या दिवशी ड्युटी करणाऱ्यांचा योग्य तो विचार केला जाईल.' काकांनी ती खोडून वर लिहिलं, 'दुप्पट पगार आणि बदली सुट्टी.' डॉक्टरांचा चेहरा उतरला. पण २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा हेच सांगतो, आणि आमच्याकडे सुट्ट्या त्याच हिशेबाने धरतात. आठ पगारी सुट्ट्या, त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या, बाकी चार सणांच्या वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. आम्ही त्या चारांत दसरा घेतला होता. यंदा दसरा नेमका २ ऑक्टोबरला आलाय. दोन सुट्ट्या एकाच गुरुवारी. हे डिसेंबरात कॅलेंडर उघडून बघायचं काम कुणाचं होतं, असं काकांनी विचारलं. मी पाणी प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी नवं पत्रक लागलं. पहिल्याच ओळीत तारीख आणि नव्या वेळा. मग 'गणपतीच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरून तिघींना रजा मिळेल' आणि त्या तिघींची नावं. चौथीला का नाही, त्याचं कारण एका वाक्यात. मग दुप्पट पगार. संपूर्ण मजकूर अकरा ओळी. माझा अठ्ठावीस होता, त्यात सात ओळी शुभेच्छा. डॉक्टर वाचून म्हणाले, "या वेळी भाषा छान जमलीय हो तुम्हाला!"

डिस्चार्जच्या दिवशी काकांनी बिलापेक्षा ड्युटीचा तक्ता जास्त वेळ तपासला. "साहेब, तुमचं नाव कुठल्या पाळीत आहे?" त्यांनी विचारलं. माझं नाव तक्त्यात नाही. तक्ता करणाऱ्याचं नसतं. ज्याचं नाव तक्त्यात नाही त्याला पाळी नाही, आणि ज्याला पाळी नाही तो सुटत नाही. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. गेली सहा वर्षं मी त्याची आरती व्हिडिओ कॉलवर करतो, कारण नेमकी त्याच दिवशी कुणाची तरी लोकल बंद पडणार आणि पत्रकाखाली 'अधिक माहितीसाठी संपर्क' म्हणून माझाच नंबर आहे. हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी तो नंबर उतरवून घेतला.

काल रात्री साडेदहाला फोन आला. तोच आवाज.

"साहेब, त्या गुहागरच्या सिस्टरनी पंचवीस तारखेचं तिकीट रद्द केलं का?"

"माहीत नाही. का?"

"माझा मेहुणा त्याच गाडीला वेटिंगवर आहे. तिला जरा सांगा ना. शक्यतो आजच."