एक राउंड म्हणजे किती?

भाजणीच्या चकलीच्या लेबलचं काम घेताना कोटेशनमध्ये मी लिहिलं होतं, 'करेक्शनचे तीन राउंड'. राउंड कशाला म्हणायचं, ते लिहिलं नव्हतं. मोठेपणी शहाणपण येतं म्हणतात, ते अजून यायचंय.

पहिला नमुना गेला आणि काकांचा व्हॉट्सॲप आला, "झकास! फक्त लोगो जरा मोठा." केला. तासाभराने, "ही म्हणते, केशरी भडक वाटतोय." केशरी उतरवला. रात्री पावणेअकराला नाशिकच्या जावयांची व्हॉइस नोट, मागे कुकरच्या शिट्ट्या. असे अकरा निरोप झाल्यावर काकांनी 'ओके' दिलं. मी फॉन्ट कर्व्ह करून फाइल प्रेसला पाठवली, प्लेटही निघाल्या.

सोमवारी बारावा निरोप. "२५० ऐवजी २०० ग्रॅम करा. एकच आकडा आहे. तसाही आपला पहिलाच राउंड चालू आहे ना?"

आकडा एकच, पण कर्व्ह केलेलं अक्षर हे अक्षर राहत नाही, चित्र होतं. मूळ फाइल उघडून पुन्हा सगळं करावं लागतं. शिवाय किंमत १२० रुपये तीच ठेवायची होती. लेबलवर एका ग्रॅमचा दरही छापावा लागतो, तो ४८ पैशांचा ६० पैसे झाला. काकांना हे दिसू नये असं वाटत होतं. "तो जरा बारीक टाका."

मग मेल लिहायला बसलो. पहिला खर्डा बायकोने वाचला आणि विचारलं, "कोणावर जप्ती आणतोयस?" दुसरा इतका गोड झाला की मीच काकांचं देणं लागतो असं वाटत होतं. तिसरा गेला:

'काका, घरात सगळ्यांना विचारून बदलांची एकच यादी एकाच माणसाने एकदम पाठवायची. मी ते बदल करून नवा नमुना पाठवला की एक राउंड झाला. नंतर आठवलेलं पुढच्या राउंडमध्ये. मागचे अकरा निरोप मी एकच राउंड धरलेत. परवान्याचा नंबर मी चुकीचा टाकला तर दुरुस्ती फुकट. तुम्हीच चुकीचा दिला असेल तर ते करेक्शन. चौथ्या राउंडपासून प्रत्येकी ८०० रुपये. ओके दिल्यानंतरच्या बदलाला माझे ८०० आणि प्लेटचे प्रेस सांगेल ते. चकलीच्या जागी शेव आली, तर ते नवीन काम.'

दोन मिनिटांत उत्तर आलं, "पटलं." मग आठ दिवस फोन गप्प.

नवव्या दिवशी मेल आला. 'प्लेट नव्या करायच्याच आहेत, तर सगळं एकदम उरकू.' सोबत यादी. एकच, एकाच माणसाने, एकदम पाठवलेली. त्रेचाळीस मुद्दे. बारावा : लोगो अजून मोठा. एकतिसावा : लोगो लहान (आत्याबाई).

मी माझाच मेल दोनदा वाचला. आत्याबाईंबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.