खडे तेच, मग मत का बदललं?

रिव्ह्यू (पाचपैकी एक तारा): "जानेवारीत आईच्या सोनोग्राफीत सहज पित्ताशयात खडे दिसले, तर डॉक्टर म्हणाले काही करू नका. जूनमध्ये लग्नात मटण खाल्ल्यावर दोनदा दुखलं, तर म्हणाले महिन्याभरात काढून घ्या. ऑगस्टमध्ये दुखणं थांबेना, ताप आला, तिसऱ्या दिवशी नेलं तर दोन तास बाहेर बसवलं आणि म्हणाले पित्ताशयाला सूज आहे, उद्या सकाळीच ऑपरेशन! खडे तेच, डॉक्टर तेच, मत तीन. सगळी पैशाची घाई. बिलही सांगितल्यापेक्षा जास्त."

दादा, नमस्कार. दोन तास बसावं लागलं त्याबद्दल माफी मागतो. आत एक ऑपरेशन लांबलं होतं, पण बाहेर येऊन तेवढं सांगायला कोणी आलं नाही, ही चूक आमचीच.

पण 'मत तीन' वाचून वाईट वाटलं. बारा खाटांचं आमचं हॉस्पिटल, सोलापुरातला पुढचा पेशंट हेच वाचून येणार. म्हणून जरा सविस्तर लिहितो, तेही तुम्ही स्वतः सांगितलंय तेवढ्यावरच.

लिव्हरमध्ये तयार झालेलं पित्त पित्ताशयात साठतं आणि घट्ट होतं. त्यात कोलेस्टेरॉल विरघळलेलं असतं. ते प्रमाणाबाहेर गेलं किंवा पित्ताशय नीट रिकामं होईना झालं, की पाकात साखर जास्त झाल्यावर तळाशी कण धरतात तसे कण धरतात आणि त्यांचेच पुढे खडे होतात. असे गप्प पडलेले खडे बहुतेकांना आयुष्यभर त्रास देत नाहीत. शंभरातल्या एखाद-दोघांनाच वर्षभरात दुखणं सुरू होतं. त्यासाठी सगळ्यांना भूल देऊन कापायचं नसतं. मला पैशाचीच घाई असती तर जानेवारीतच तारीख दिली नसती का?

जूनमध्ये गोष्ट बदलली. तुपातेलाचं जेवण आतड्यात उतरलं की पित्ताशय आकुंचन पावतं. त्या दाबाने खडा तोंडाशी अडकला की बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ येते. ती पाठीत, उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाते, अर्धा तास ते काही तास टिकते आणि खडा मागे सरकला की थांबते. लोक गॅस म्हणून सोडा पितात. पण एकदा ही कळ आली की पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून पित्ताशय सवडीने, सूज नसताना काढायचं. नुसते खडे काढून भागत नाही, ते तिथेच पुन्हा होतात. (मुतखड्यासाठीचा पानफुटीचा रस इथे उपयोगाचा नाही, पित्त लघवीच्या वाटेने जात नाही.) मी महिना म्हणालो, 'आषाढी होऊ द्या' घरचे म्हणाले. हे लिहायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

ऑगस्टमध्ये खडा मागे सरकलाच नाही. कळ सहा तासांच्या पुढे गेली, ताप आला, बरगडीखाली हात ठेवून श्वास घ्यायला लावला की श्वास मधेच अडतो, अशा वेळी ती नुसती कळ राहत नाही, पित्ताशयाला सूज आलेली असते. पहिले काही दिवस ही सूज पाणीदार असते आणि पित्ताशय लिव्हरपासून त्यामानाने सहज सुटतं. साधारण आठवड्यानंतर सगळं चिकटून घट्ट होतं. मग पित्ताशयाची बारीक नळी कुठली आणि पित्ताची मुख्य नळी कुठली, हे ओळखणं अवघड जातं. मुख्य नळी कापली गेली तर पेशंटला वर्षानुवर्षं भोगावं लागतं.

म्हणून एक तर सुरुवातीच्या दिवसांतच काढायचं, नाहीतर औषधांवर सूज उतरवून साधारण सहा आठवडे थांबायचं. पण त्या थांबण्यात पुन्हा झटका येऊ शकतो, खडा मुख्य नळीत उतरून कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. तिसरा दिवस म्हणजे हातात वेळ होती, ती घालवायची नव्हती. नवव्या-दहाव्या दिवशी आला असता तर बहुधा मीच 'सहा आठवड्यांनी या' म्हणालो असतो, आणि तुम्ही चौथं मत मोजलं असतं. बरं, रातोरातही केलं नाही. सलाईन, अँटिबायोटिक आणि रक्तातल्या काविळीची तपासणी आधी लागते. मुख्य नळीत खडा असेल तर तो आधी दुर्बिणीने काढावा लागतो.

बिल वाढलं ते जादा दिवस आणि इंजेक्शनांमुळे. ते त्याच रात्री कागदावर लिहून द्यायला हवं होतं. यापुढे तसं करू, बाकावरच्यांना वेळ सांगायचीही काहीतरी सोय करतो.

काढलेल्या पित्ताशयाचा तपासणी रिपोर्ट काउंटरवर ठेवलाय, तो न्यायला या. येताना बिल आणा, एकेक ओळ समजावून सांगतो. संध्याकाळी सातनंतर गर्दी नसते.