पावसाळ्यात माठ का बुळबुळतो

प्रतिक्रिया (डिचोलीहून एक वाचक): "माठाला साबण नको, धुऊन उन्हात वाळवा, असं तुम्ही लिहिता. गोव्यात जून ते सप्टेंबर ऊन कुठून आणायचं? आमचा माठ आतून बुळबुळीत झालाय, पाणी गारही होत नाही. सरळ स्टीलचं पिंप घ्या असं का सांगत नाही?"

नमस्कार. पावसाळ्यात स्टीलच वापरा, यात माझं दुमत नाही. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर झिरपलेला ओलावा हवेत उडून जातो म्हणून. आपल्याकडे जुलैत हवाच पाण्याने भरलेली असते, ओलावा उडत नाही, माठ नुसता ओला राहतो. बुळबुळीचं मूळही तिथेच आहे.

मात्र दुसरं कारण आपल्या हातातलं आहे. दहा लिटरचा माठ निम्मा रिकामा झाला की वरून भर घालायची आपली सवय. तळाचं जुनं पाणी कधीच संपत नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन साठवणीत हळूहळू उडून जातो आणि मातीच्या छिद्रांत जंतूंचा थर धरतो. म्हणून रोज उरलेलं पाणी झाडांना घाला, माठ विसळा, मगच भरा. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, पेला हातासकट आत बुडवू नका.

आत्ताचा माठ असा साफ करा: पूर्ण रिकामा करून कोमट पाणी आणि मूठभर जाड मीठ घ्या, काथ्याने आतून घासा, कानाखालचा वाकही सोडू नका. उकळतं पाणी थंड माठात एकदम ओतू नका, तडा जातो. साबण छिद्रांत मुरतो आणि पाण्याला वास देत राहतो. तीन-चार वेळा विसळल्यावर दोन विटांवर उपडा ठेवा, खालून वारा जायला हवा, आणि पंखा लावा. मातीचा गडद रंग सगळीकडे फिका झाला की माठ वाळला. कुठे गडद डाग उरला तर ओल आहे. वाळवूनही पाणी भरल्यावर त्याच दिवशी कुबट वास आला, तर तो माठ पिण्याच्या पाण्याला वापरू नका.

स्टीलचं पिंपही आपोआप स्वच्छ राहत नाही. बुळबुळ तिथे नळाच्या रबरी वॉशरमागे बसते. आठवड्यातून एकदा तोटी काढून वॉशर साबणाने घासा, नीट विसळा. स्टीलला साबण चालतो, कारण त्यात काही मुरत नाही.

कँडलचा फिल्टर असेल तर एक खूण लक्षात ठेवा. विहिरीचं पाणी पावसात गढूळ होतं, कँडल लवकर तुंबते, धार मंदावते. ती वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने, बिनसाबणाची घासली की सुटते. पण न घासताच धार अचानक वाढली, तर आनंद मानू नका. कँडलला तडा गेलाय किंवा तिचा वॉशर सैल झालाय. वॉशर घट्ट असेल, तर ओली कँडल पाण्यात बुडवून तिच्या नळीतून फुंका: एकाच जागेतून बुडबुड्यांची रांग आली, तर कँडल बदला.