हॉटेलच्या टीव्हीचं कुलूप रिमोटने उघडत नाही

हॉटेलच्या खोलीतल्या टीव्हीला स्वतःचा गेम कन्सोल जोडायचा म्हटलं की असा सल्ला मिळतो: "हॉटेलच्या टीव्हीचं इनपुट लॉक असेल तर टेन्शन नको. युनिव्हर्सल रिमोट न्या. नाहीच जमलं तर टीव्ही रीसेट करा, मागच्या सगळ्या वायरी काढा आणि कन्सोलची लावा. कुठलाही टीव्ही पाच मिनिटांत उघडतो."

रिमोटचा उपयोग होतो, पण एकाच प्रकारच्या खोलीत. लहान हॉटेलांत बहुतेकदा घरचाच साधा टीव्ही असतो. त्याचा रिमोट काउंटरवर ठेवतात आणि पाहुण्याला फक्त सेट टॉप बॉक्सचा रिमोट देतात. तिथे काहीच लॉक नसतं, त्यामुळे इन्फ्रारेड असलेला फोनसुद्धा टीव्हीचा रिमोट म्हणून चालतो. मोठ्या हॉटेलांत मात्र हॉटेलांसाठीच बनवलेला टीव्ही असतो, आणि त्याच्या हॉटेल मोडमध्ये इनपुट बदलणं बंद केलेलं असतं. रिमोटचा सिग्नल टीव्हीपर्यंत पोचतो, टीव्ही तो मानत नाही. आवाजाचं बटण चालतंय पण सोर्सचं दाबल्यावर यादीच येत नाही, असं दिसलं की दुसरा रिमोट शोधण्यात वेळ घालवू नका. टीव्हीच्या खालचं बटणही त्याच मोडमधून बंद करता येतं.

रीसेट तर करूच नका. प्लग काढून परत लावला तरी हॉटेल मोड जात नाही, कारण टीव्ही चालू होताना कोणत्या इनपुटवर यावा आणि आवाज कमाल किती असावा, हे त्यातच साठवलेलं असतं. नेटवर मिळणारे कोड दाबून सर्व्हिस मेनूत शिरलात तर चॅनलची यादी आणि हॉटेलची सगळी मांडणी पुसली जाऊ शकते. ती परत बसवायला हॉटेलचा माणूस लागतो आणि खर्च तुमच्या बिलावर येऊ शकतो.

आता वायरी. सगळ्या काढायच्या नसतात, एकच काढायची असते, आणि तीही टीव्हीच्या बाजूने नाही. समजा मरोळच्या एखाद्या हॉटेलात 43 इंची टीव्ही भिंतीला चिकटून आहे. पोर्ट मागे, बोटं जेमतेम शिरतात. खाली टेबलावर सेट टॉप बॉक्स आहे. त्याचं चित्र एचडीएमआयने येत असेल, तर टीव्ही आधीच हव्या त्या इनपुटवर उभा आहे. इनपुट बदलायची गरजच नाही. चॅनल चालू ठेवून बॉक्सच्या बाजूची एचडीएमआय केबल काढा. चित्र जाऊन No Signal आलं तर वाट सापडली. चित्र तसंच राहिलं तर ते अँटेनाच्या किंवा नेटवर्कच्या वायरीतून येतंय, आणि ही युक्ती तिथे लागू पडत नाही.

वाट सापडली की केबलचं मोकळं टोक कन्सोलला, म्हणजे समजा निन्टेंडो स्विच असेल तर त्याला टीव्हीशी जोडणाऱ्या डॉकमध्ये, HDMI OUT लिहिलेल्या जागी लावा. पहिल्या स्विचच्या डॉकला 15 व्होल्ट, 2.6 अँपिअरचा अडॅप्टर लागतो. फोनच्या 5 व्होल्टच्या चार्जरवर स्विच हळूहळू चार्ज होईल, पण टीव्हीवर चित्र येणार नाही, आणि लोक दोष टीव्हीच्या लॉकला देतात. डॉकवरचा हिरवा दिवा पाहा: तो लागला तर डॉक चित्र पाठवतोय आणि अडचण पुढे आहे, लागला नाही तर आधी अडॅप्टर आणि केबल तपासा.

इथे नेमकी अडते ती लांबी. बॉक्सची केबल अनेकदा अगदी आखूड असते आणि डॉक तिथवर पोचत नाही. म्हणून बॅगेत दोन मीटरची स्वतःची केबल आणि दोन केबल जोडणारा एचडीएमआय कपलर ठेवा. कपलरच्या दोन्ही बाजूंना भोकं असतात. बॉक्सच टीव्हीमागे चिकटवलेला असेल तर जाड केबल कोंबू नका, पोर्ट सैल होतो; काटकोनात वळलेला कनेक्टर किंवा छोटी एक्स्टेंशन केबल वापरा. टेलिफोनसारखी चपटी वायर दिसली तर तिला हात लावू नका. काही हॉटेलांत बॉक्स तिच्यातूनच टीव्हीवर ताबा ठेवतो.

चित्र आलं तरी पिक्चर मेनू लॉकच राहतो, त्यामुळे गेम मोड लावता येईलच असं नाही आणि बटण दाबल्यावर थोडा उशीर जाणवू शकतो. ताल धरून खेळायच्या गेमला हे फार खुपतं, कोड्यांच्या गेमला नाही. आणि दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढलं की बऱ्याच खोल्यांत प्लगची वीजही जाते. स्विच बॅटरीवर तगून जातो. प्लेस्टेशनला बॅटरी नसते, म्हणून खाली नाश्त्याला जाण्याआधी गेम सेव्ह करून तो पूर्ण बंद करा.

बॉक्सही नाही आणि इनपुटही लॉक, तर रिसेप्शनला फोन करून "मेंटेनन्सवाल्याला पाठवा, एचडीएमआय 2 चालू करून हवंय" एवढं सांगा. लॉक काढायची पद्धत त्यांच्याकडे असते. टीव्हीऐवजी लॅपटॉपच्या पडद्यावर खेळायचं म्हटलं तर त्याची एचडीएमआय जागा हा पर्याय नाही, ती जवळपास प्रत्येक लॅपटॉपमध्ये चित्र बाहेर पाठवते, आत घेत नाही. त्यासाठी बाहेरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं यूएसबी कॅप्चर कार्ड लागतं, आणि प्लेस्टेशन असेल तर सेटिंग्जमध्ये Enable HDCP बंद करावं लागतं, नाहीतर पडदा काळाच राहतो.

खोली सोडण्याआधी केबल परत बॉक्सला लावा आणि चॅनल दिसतोय याची खात्री करा.